वाढीच्या समीकरणात नशिबाचा धक्का कसा घालायचा

१९४१ च्या हिवाळ्यात टेक्ससमधल्या अरान्सास किनाऱ्यावर हूपिंग क्रेन पक्ष्यांची मोजणी झाली तेव्हा तिथे फक्त १५ किंवा १६ पक्षी उरले होते. हा सारसाच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतला सगळ्यात उंच पक्षी. उन्हाळ्यात कॅनडातल्या वूड बफलो राष्ट्रीय उद्यानात घरटी करतो आणि हिवाळ्यासाठी सुमारे ४००० किलोमीटर उडत टेक्ससला येतो. मादी साधारण दोन अंडी घालते, पण बहुतेक वेळा एकच पिल्लू जगतं. म्हणजे वाढ संथच. तरीही संरक्षण मिळाल्यावर हा थवा वाढत गेला आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात त्याचा अंदाज ५०५ पर्यंत पोचला.

या ७६ वर्षांचा आलेख पाहिला तर तो एकंदरीत वर चढतो, पण सरळ चढत नाही. काही वर्षं जोरात वाढ, काही वर्षं घट. एखाद्या वर्षी दुष्काळात पाणथळ जागा आटतात, एखाद्या वर्षी पिल्लं भरपूर जगतात. अशी अडखळत होणारी वाढ संगणकावर उभी करण्याची एक साधी रीत आहे: प्रत्येक पावलाला नेहमीची वाढ द्यायची आणि वर एक यादृच्छिक धक्का जोडायचा. रीत दोन ओळींत मावते. पण धक्का किती मोठा घ्यायचा आणि आलेलं उत्तर बरोबर आहे हे कसं ओळखायचं, यात बऱ्याच जणांची गल्लत होते. म्हणून तेवढ्यावरच इथे जरा थांबून बोलू.

धक्क्याशिवायची वाढ

आधी नशीब बाजूला ठेवू. पक्ष्यांची संख्या `X` आणि वाढीचा दर `mu`. अगदी छोट्या काळात, म्हणजे `dt` इतक्या काळात, संख्या `mu * X * dt` इतकी वाढते. जितके पक्षी जास्त, तितकी भर जास्त, चक्रवाढ व्याजासारखंच. आज किती आहेत ते पाहायचं, त्यावरून पुढच्या छोट्या काळातली भर काढायची, ती जोडायची आणि पुन्हा तेच. समीकरणं अशी पावलापावलाने सोडवण्याची पद्धत लेओनार्ड ऑयलर यांनी १७६८ मध्ये मांडली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

आता नशीब. या पक्ष्यांच्या बाबतीत दुष्काळ किंवा चांगला पाऊस सगळ्या थव्याला एकदमच लागतो. वाईट वर्षात १०० पक्ष्यांमागे पाच कमी होत असतील तर २०० मागे दहा होतील. म्हणून धक्काही संख्येच्या प्रमाणात धरायचा: `sigma * X * dW`. इथे `sigma` म्हणजे वर्षाचा चढउतार किती मोठा, आणि `dW` म्हणजे त्या छोट्या काळात नशिबाने दिलेला शून्याभोवतीचा एक आकडा, कधी धन, कधी ऋण. जपानी गणिती गिसिरो मारुयामा यांनी १९५५ मध्ये ऑयलरची पद्धत अशा समीकरणांना लावली, म्हणून तिला ऑयलर-मारुयामा पद्धत म्हणतात. एक पाऊल असं:

```
X_new = X + mu*X*dt + sigma*X*sqrt(dt)*Z
```

`Z` म्हणजे प्रसामान्य वितरणातून काढलेला यादृच्छिक आकडा: सरासरी ०, प्रमाण विचलन १. प्रत्येक पावलाला नवा, आधीच्याशी काहीही संबंध नसलेला.

वर्गमूळ कुठून आलं?

वाढीच्या पदाला `dt` ने गुणलं, मग धक्क्याला `dt` च्या वर्गमुळाने का? या पद्धतीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

समजा वर्षभराच्या एकूण धक्क्याचं प्रमाण विचलन १ आहे. वर्षाचे चार भाग केले, तर चार तिमाह्यांचे धक्के मिळून तेवढाच एकूण धक्का यायला हवा. वाढ असती तर प्रत्येक तिमाहीला पाव हिस्सा देऊन मोकळे झालो असतो, कारण वाढ नेहमी एकाच दिशेला जाते. धक्के तसे नसतात. एक वर ढकलतो, दुसरा खाली, आणि ते एकमेकांना बरंचसं खोडतात. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या आकड्यांची बेरीज केली की त्यांची प्रमाण विचलनं मिळवायची नसतात, त्यांचे वर्ग, म्हणजे प्रचरणं, मिळवायची असतात. वर्षाचं प्रचरण १, म्हणून तिमाहीचं पाव. पावचं वर्गमूळ अर्धा. तिमाहीचा धक्का वर्षाच्या धक्क्याच्या पाव नव्हे, अर्धा असतो.

महिन्याला तो सुमारे ०.२९ पट, आणि दिवसाला सुमारे ०.०५ पट. पाऊल जितकं लहान करू तितकी वाढ धक्क्यापुढे फिकी पडत जाते. एका दिवसाच्या पातळीवर नशीबच दिसतं. वाढ दिसायला वर्षं लागतात.

एक वर्ष हाताने

आकडे घेऊ. `X` ची सुरुवात १६, `mu` वर्षाला ०.०५, `sigma` ०.१०. हा शेवटचा आकडा समजावण्यासाठी मी सोयीचा, गोल घेतला आहे. पाऊल तीन महिन्यांचं, म्हणजे `dt` ०.२५ आणि त्याचं वर्गमूळ ०.५. प्रत्येक पावलाला नेहमीची वाढ ०.०१२५ पट आणि धक्का ०.०५ × `Z` पट.

यादृच्छिक आकडे असे निघाले असं धरू: ०.८, −१.२, ०.३, −०.५.

पहिल्या तिमाहीत गुणक १ + ०.०१२५ + ०.०४ म्हणजे १.०५२५, आणि संख्या १६.८४. दुसऱ्या तिमाहीत धक्का −०.०६, गुणक ०.९५२५, संख्या १६.०४. तिसऱ्यात गुणक १.०२७५, संख्या १६.४८. चौथ्यात ०.९८७५, आणि वर्षअखेरीस १६.२८. धक्के नसते तर हाच हिशेब १६.८२ वर थांबला असता.

या समीकरणाचं एक मोठं सुख आहे: त्याचं नेमकं उत्तर कागदावर लिहिता येतं. कियोशी इतो यांनी यादृच्छिक हालचालींसाठी जे कलनशास्त्र १९४० च्या दशकात घडवायला घेतलं, त्यातून ते मिळतं:

```
X(t) = X0 * exp((mu - sigma**2/2)*t + sigma*W(t))
```

`W(t)` म्हणजे तोवरच्या सगळ्या `sqrt(dt)*Z` ची बेरीज. आपल्या चार आकड्यांची बेरीज −०.६, तिची निम्मी −०.३. घातांक ०.०४५ − ०.०३ म्हणजे ०.०१५, आणि उत्तर १६.२४. आपण पावलांनी १६.२८ वर पोचलो होतो. नशीब तेच ठेवून फक्त पावलं मोठी घेतल्यामुळे पडलेला फरक एवढाच. ज्या समीकरणाचं नेमकं उत्तर माहीत आहे त्यावर आधी आपला प्रोग्रॅम तपासायचा आणि मगच न सुटणाऱ्या समीकरणाकडे जायचं, अशी शिस्त मी तरी कधी सोडत नाही.

सरासरी एक सांगते, बहुतेक थवे दुसरंच

नेमक्या उत्तरात `mu` मधून `sigma` च्या वर्गाची निम्मी रक्कम वजा झाली आहे. का? एका वर्षी १० टक्के वाढ आणि पुढच्या वर्षी १० टक्के घट झाली तर १०० चे ११० आणि ११० चे ९९ होतात. टक्के बरोबरीत सुटले, तरी एक हातचा गेला. गुणाकाराने होणाऱ्या वाढीत प्रत्येक चढउतार असा थोडा कर घेतो, आणि तो कर म्हणजेच ही वजाबाकी. आपल्या आकड्यांत ती ०.००५, त्यामुळे ०.०५ चा दर ०.०४५ वर येतो.

पण मग सरासरीचं काय? प्रत्येक पावलावर धक्क्याची सरासरी शून्य आहे, म्हणून सगळ्या शक्य भविष्यांची सरासरी पूर्ण ०.०५ नेच वाढते. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. ७६ वर्षांनंतर सरासरी १६ च्या ४४.७ पट, म्हणजे ७१५ पक्षी. मध्यक मात्र, म्हणजे निम्मी भविष्यं ज्याच्या खाली आणि निम्मी ज्याच्या वर राहतात तो आकडा, ४८९. थोडी भाग्यवान भविष्यं फार वर जातात आणि सरासरीला ओढून नेतात. अशा भविष्यांपैकी साधारण दोन तृतीयांश सरासरीच्या खालीच संपतात.

आणि पसारा पाहा: ९० टक्के भविष्यं ११७ ते २०५० पक्ष्यांच्या दरम्यान पडतात. वर्षाला १० टक्क्यांचा धक्का किरकोळ वाटतो, पण ७६ वर्षांत तो एवढं अंतर पाडतो.

प्रत्यक्षात आपल्या हाती एकच इतिहास आहे: १६ पासून ५०५ पर्यंतचा. त्या दोन टोकांवरून दर काढला तर वर्षाला ०.०४५ च्या आसपास येतो. हा दर `mu` चा नाही. तो कर वजा झालेला दर आहे. एकाच मार्गाच्या लॉगचा चढ मोजला की नेहमी हाच मिळतो. `mu` हवा असेल तर वर्षावर्षाच्या चढउतारांवरून `sigma` काढून त्याच्या वर्गाची निम्मी रक्कम परत मिळवावी लागते. मोजलेला ०.०४५ सरळ `mu` च्या जागी टाकला तर तोच कर दुसऱ्यांदा कापला जातो आणि थवा प्रत्यक्षापेक्षा हळू वाढताना दिसतो.

संगणकावर

```python
import numpy as np

rng = np.random.default_rng(1941)
x0, mu, sigma = 16.0, 0.05, 0.10
T, n, paths = 76, 912, 10000
dt = T / n

x = np.full(paths, x0)
for k in range(n):
    dW = np.sqrt(dt) * rng.standard_normal(paths)
    x = x + mu*x*dt + sigma*x*dW

print(x.mean(), np.median(x), np.log(x).std())
```

९१२ म्हणजे ७६ वर्षांचे महिने. दहा हजार भविष्यं एकदम चालतात. शेवटच्या ओळीत तीन आकडे छापले आहेत आणि तिन्ही लागतात: सरासरी ७१५ च्या आसपास, मध्यक ४८९ च्या आसपास, आणि लॉगचं प्रमाण विचलन ०.८७ च्या आसपास, म्हणजे ०.१० गुणिले ७६ चं वर्गमूळ.

समजा कुणी घाईत `np.sqrt(dt)` ऐवजी नुसतं `dt` लिहिलं. सरासरी काय येईल? तीच. धक्क्याला कितीही ने गुणलं तरी त्याची सरासरी शून्यच राहते. ज्याने फक्त सरासरी तपासली त्याला प्रोग्रॅम निर्दोष वाटेल. पण लॉगचं विचलन ०.८७ ऐवजी ०.२५ येईल, आणि मध्यक वर सरकून सरासरीला जवळजवळ चिकटेल. महिन्याऐवजी दिवसाचं पाऊल घेतलं तर ते विचलन आणखी घसरून ०.०५ च्याही खाली जाईल. नशीब हळूहळू समीकरणातून गायबच होतं. ओळखायची खूण सोपी आहे: पाऊल लहान केल्यावर पसारा आक्रसत असेल तर वर्गमूळ घ्यायचं राहून गेलं आहे, पसारा फुगत असेल तर धक्क्याला पावलाच्या लांबीने मुळीच गुणलेलं नाही. बरोबर लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये पाऊल बदललं तरी पसारा जवळपास जागचा हलत नाही.

दुसरी चूक अधिक नकळत होते. धक्क्याचा आकार पावलाच्या सुरुवातीच्या `X` वरून ठरवायचा असतो, कारण येणाऱ्या काळाचं नशीब आजच्या संख्येला माहीत नसतं. कुणी अचूकता वाढवण्याच्या चांगल्या हेतूने सुरुवातीच्या आणि शेवटच्या `X` ची सरासरी घेऊन धक्का काढतो. साध्या समीकरणात ही युक्ती खरंच सुधारणा करते. इथे मात्र शेवटच्या `X` मध्ये तोच धक्का आधीच शिरलेला असतो, त्यामुळे धक्का स्वतःलाच गुणतो आणि त्याची सरासरी शून्य राहत नाही. सरासरीचा दर ०.०५ वरून ०.०५५ होतो, आणि पाऊल कितीही लहान केलं तरी तो खाली येत नाही. ते वेगळ्याच समीकरणाचं, स्ट्राटोनोविच अर्थ लावलेल्या समीकरणाचं, उत्तर असतं.

पाऊल किती लहान?

ऑयलर-मारुयामा पावलांनी येणारी सरासरी हाताने काढता येते: १६ × (१ + ०.०५ `dt`) चा पावलांच्या संख्येइतका घात. वर्षाच्या पावलाने ती ६५२ येते, सहा महिन्यांच्या पावलाने ६८३, तीन महिन्यांच्या पावलाने ६९९, आणि खरी ७१५. चूक ६३, मग ३३, मग १७: पाऊल निम्मं केलं की सरासरीतली चूकही निम्मी.

एका विशिष्ट मार्गातली चूक, म्हणजे हाताने केलेल्या उदाहरणातला १६.२८ आणि १६.२४ मधला फरक, तितक्या वेगाने कमी होत नाही. ती निम्मी करायला पाऊल सर्वसाधारणपणे चौपट लहान करावं लागतं. कोणती चूक महत्त्वाची ते प्रश्नावर अवलंबून आहे. सरासरी किंवा मध्यक हवा असेल तर पहिली पुरे.

ही दुसरी चूक मोजताना एक काळजी घ्यावी लागते. `n` बदलून प्रोग्रॅम दोनदा चालवला तर दोन्ही वेळी नशीब वेगळं निघतं, बीज १९४१ च ठेवलं तरीही. तुलना तेव्हाच खरी, जेव्हा बारीक पावलांचे `dW` साठवून, तीन-तीनची बेरीज करून, त्याच बेरजा मोठ्या पावलांना दिल्या जातात. त्याशिवाय पावलाची चूक मोजतो आहोत की निराळं नशीब, हे कळायला मार्ग नाही.

शिवाय भविष्यांची संख्या मर्यादित असल्याची चूक वेगळीच. दहा हजार भविष्यं घेतली तर सरासरीत सुमारे एक टक्का, म्हणजे सात-आठ पक्ष्यांचा हेलकावा राहतोच. महिन्याच्या पावलाची चूक सहाच्या आत आहे. ती या हेलकाव्यात दिसणारच नाही, म्हणून आठवड्याचं पाऊल घेऊन संगणक तापवण्यात अर्थ नाही. आधी भविष्यं वाढवायची.

हे समीकरण कुठे तुटतं

१६.८४ पक्षी कुठे नसतात. संख्या शेकड्यात असेल तर हे चालून जातं, पण सोळावर नाही. तिथे प्रत्येक पक्ष्याचं स्वतःचं नशीब, कोणती जोडी घरटं करते आणि कोणता पक्षी स्थलांतरात विजेच्या तारेला आदळतो, संपूर्ण थव्याच्या नशिबाइतकंच भारी पडू शकतं. त्या धक्क्याचा आकार `X` च्या नव्हे तर `X` च्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ते पद जोडलं की प्रोग्रॅममध्ये नवी अडचण येते: एखादं पाऊल `X` ला शून्याखाली नेतं, पुढच्या पावलाला ऋण संख्येचं वर्गमूळ मागितलं जातं, आणि `nan` पसरायला लागतं. तिथे शून्याखाली गेलेला थवा संपला असं धरून `X` शून्यावरच थांबवावा लागतो.

आपल्या मूळ समीकरणात थवा कधीच अगदी शून्यावर येत नाही, म्हणून धोका एखादी मर्यादा ठरवून मोजतात: संख्या कधी दहाच्या खाली गेली का? १६ पासून निघालेल्या थव्यासाठी, कितीही काळ वाट पाहिली तरी, ही शक्यता (१०/१६) च्या नवव्या घाताइतकी आहे, म्हणजे सुमारे १.५ टक्के. तो ९ आला आपल्याच आकड्यांतून: ०.०४५ ची दुप्पट भागिले ०.१० चा वर्ग. आता वर्षाच्या पावलांनी तेच मोजलं तर उत्तर कमी येतं. समजा एका वर्षाच्या सुरुवातीला ११ आणि अखेरीसही ११ पक्षी. प्रोग्रॅमला काहीच घडलेलं दिसत नाही, पण मधल्या काळात संख्या दहाच्या खाली जाऊन परत आली असण्याची शक्यता १६ टक्के आहे. महिन्याचं पाऊल घेतलं तर ११ ते ११ या पावलातली तीच शक्यता एक अब्जांशाच्याही खाली जाते.